दुसरा वॉश फुटतो, कडा कडक होतात: फोटोवरून जलरंग करताना मुंबईत पुन्हा पुन्हा येणारी अडचण

नरिमन पॉइंटच्या टोकावरून उत्तरेकडे बघत काढलेला मरीन ड्राइव्हचा फोटो घ्या. पावसाळी सकाळ, उजवीकडे इमारतींची वळत गेलेली रांग, समोर गिरगाव चौपाटी, डावीकडे समुद्रात शिरलेली मलबार हिल अर्धी विरून गेलेली, आणि पायाशी लाटा अडवणारे काँक्रीटचे टेट्रापॉड. जलरंगासाठी याहून सोयीचा विषय नाही असं वाटतं, कारण निम्मं काम हवेनेच करून ठेवलेलं असतं. कागदावर मात्र बहुतेकांचं चित्र एकाच जागी अडकतं. पहिला वॉश, म्हणजे पाण्याने पसरलेला पातळ रंगाचा थर, सुरेख बसतो. त्यावर मलबार हिलचा दुसरा थर देताना डोंगराच्या कडेला गडद रेघ उमटते, किंवा आकाशात फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग फुटतो, आणि तो झाकायला तिसरा थर दिला की सगळंच गढूळ होतं.

रंग बदलून बघतात, ब्रश बदलून बघतात, महागातला कागद आणतात. दोष बहुधा यांपैकी कशातच नसतो. ब्रशमध्ये किती पाणी आहे आणि त्या क्षणी कागदात किती पाणी आहे, या दोन गोष्टींचा मेळ बसलेला नसतो. शिवाय मुंबईच्या हवेत कागदातलं पाणी ओळखायच्या नेहमीच्या खुणा फसवतात. त्यामुळे पुण्याच्या किंवा परदेशी शिक्षकाचा व्हिडिओ बघून ‘दहा मिनिटं थांबा’ हे पाळलं तरी चित्र बिघडतं.

डाग बघून कारण ओळखा

डोंगराच्या किंवा ढगाच्या कडेला बारीक, एकसारखी गडद रेघ आली असेल, तर रंग कोरड्या कागदावर पडलाय. ओल्या ठिपक्याच्या कडेचं पाणी आधी उडतं, ती तूट भरायला मधलं पाणी कडेकडे सरकतं आणि येताना रंगाचे कण घेऊन येतं. कण कडेला साठतात, तीच ती रेघ. ती टाळायला रंग पातळ करून उपयोग नाही. उलट रंग जितका पातळ आणि ठिपका जितका पाण्याने भरलेला, तितकी रेघ ठळक.

कडा वेड्यावाकड्या, दातेरी आणि आतला भाग फिकट असेल, तर ते उलटं प्रकरण आहे. कागद अर्धवट ओला होता आणि त्याहून जास्त पाणी असलेला ब्रश त्यावर टेकला. नवीन पाणी पसरताना अजून न बसलेला रंग पुढे ढकलतं आणि पाण्याची धाव संपते तिथे त्याचा बांध होतो. बऱ्याचदा हा डाग ब्रशने केलेलाच नसतो. वॉश दिल्यावर खालच्या कडेला, मास्किंग टेपलगत, पाण्याचा फुगवटा राहतो. वरचा भाग सुकत आला की तेच पाणी माघारी वर चढतं. चित्राच्या तळाला किंवा कोपऱ्यात हमखास फ्लॉवर येत असेल, तर या फुगवट्यावर संशय घ्या.

आणि गढूळपणा. तो फार रंग मिसळल्यामुळे येतो असं सरसकट सांगतात. ते काही प्रमाणात खरंही आहे, पण थर देताना येणारा गढूळपणा खालचा थर उचलला गेल्यामुळे येतो. खालचा रंग पुरता बसलेला नसताना त्यावर ब्रश तीनचार वेळा फिरवला की दोन्ही थर पॅलेटमध्ये मिसळावेत तसे कागदावर मिसळतात. मग खालून उजेड परत येत नाही. एका जागेवरून ब्रश एकदा, फार तर दोनदा. हात तिथे पुन्हा जात असेल तर थर चुकलाय असं समजून थांबा आणि तो सुकू द्या.

‘सुकला’ कधी म्हणायचं

वॉश दिल्यानंतर कागद चार अवस्थांतून जातो. आधी वर पाणी साचलेलं दिसतं आणि तो लखलखतो. मग पाणी आत मुरतं, लखलखाट जाऊन मंद, सारखी चकाकी राहते. मग चकाकीही जाते, पण कागद आतून ओला असतो. शेवटी तो खरोखर सुकतो. मऊ कडा दुसऱ्या अवस्थेत मिळतात. फ्लॉवर तिसऱ्या अवस्थेत येतात, कारण तेव्हा कागद डोळ्यांना सुकलेला दिसतो आणि आपण बिनधास्त भरलेला ब्रश लावतो.

तिसरी आणि चौथी अवस्था वेगळी ओळखायला बोटांची मागची बाजू कागदाला लावतात; गार लागला तर ओला. ही चाचणी कोरड्या हवेत चांगली चालते. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये ती दगा देते. कागद गार लागतो तो पाणी उडत असल्यामुळे, आणि हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असताना पाणी उडतच नाही म्हणावं इतकं सावकाश उडतं. म्हणजे आत पाणी असूनही कागद हाताला गार लागत नाही. त्याऐवजी कागदाचा आकार बघा. टेपने बोर्डवर चिकटवलेला कागद ओला असताना फुगून मध्ये उठतो आणि पुरता सुकला की पुन्हा ताणून सपाट बसतो. बोर्ड डोळ्यांच्या पातळीला आडवा धरून तिरकं बघितलं की लाट राहिलीय का ते कळतं. लाट आहे तोवर दुसरा थर नाही.

किती वेळ लागेल याचा आकडा कुणी देऊ नये, कारण एकाच घरात तो बदलतो. ३०० जीएसएमचा कागद एसी चालू असलेल्या खोलीत वीसपंचवीस मिनिटांत सुकेल. तोच कागद जुलैत खिडकी उघडी असलेल्या खोलीत तास-दीड तास घेईल, आणि दोन्ही बाजूंनी भिजवला असेल तर त्याहून जास्त. एसी खोलीतली आर्द्रता कमी करतो, म्हणून पावसाळ्यात त्याचा उपयोग गारव्यापेक्षा सुकवण्यासाठी अधिक. छताचा पंखा मात्र चकाकी जाईपर्यंत बंद ठेवा. तो कागद सगळीकडे सारखा सुकवत नाही. वारा लागतो ती बाजू तिसऱ्या अवस्थेत पोचते आणि दुसरी बाजू अजून पहिल्या अवस्थेत असते. मग ओल्या बाजूचं पाणी सुकत्या बाजूत शिरतं आणि तुम्ही ब्रश न लावताही डाग पडतो. हेअर ड्रायरलाही हाच नियम. चकाकी गेल्यावरच, साधारण फूटभर अंतरावरून, सतत हलवत. नंतर पाच मिनिटं थांबा. तापलेल्या कागदावर पुढचा वॉश अर्ध्यातच सुकतो आणि मध्ये पट्टा दिसतो.

एक सोय करून ठेवा, तिच्याइतका फायदा दुसऱ्या कशाचा होत नाही. चित्र पूर्ण कागदभर न काढता टेपच्या आत एका बाजूला तीन सेंटिमीटरची पट्टी मोकळी ठेवा. पुढे ती माउंटखाली जाईल. चित्रासोबत तीही तेवढ्याच पाण्याने भिजवा, तोच वॉश द्या. दुसरा रंग लावायच्या आधी त्याच भरलेल्या ब्रशने पट्टीवर एक ठिपका ठेवा आणि पाच सेकंद बघा. ठिपका धावत सुटला तर लवकर आहे. थोडा पसरून कडा मऊ करून थांबला तर आता. दातेरी झाला तर उशीर झालाय, सुकू द्या. वेगळ्या तुकड्यावर ही चाचणी करू नका. छोटा तुकडा चारी बाजूंनी सुकतो आणि चित्राच्या पुढे पळतो.

फोटो जसाच्या तसा बघू नका

कडा कडक होण्याचं निम्मं कारण फोटोत असतं. मोबाइलचा कॅमेरा प्रत्येक कड धारदार करतो आणि अंधारातले, उजेडातले तपशील खेचून एकाच पातळीवर आणतो. मलबार हिलवरच्या इमारती प्रत्यक्ष डोळ्यांना एक फिकट पट्टी दिसतात, पण फोटो मोठा केला की त्यांच्या खिडक्या मोजता येतात. मग त्या काढल्या जातात, आणि काढायच्या म्हणून कोरड्या कागदावर काढल्या जातात.

फोटो एडिटरमध्ये रंग पूर्ण काढून टाका, शार्पनेस शून्यावर आणा, कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा आणि फोटो काड्यापेटीएवढा करून हातभर अंतरावरून बघा. आता जी कड दिसते तेवढीच कडक काढायची. या फोटोत अशा कडा जेमतेम तीन जागी सापडतील: टेट्रापॉडचे वरचे कोन, कट्ट्याची रेघ आणि जवळच्या दोन इमारतींची छपरं. बाकी सगळं मऊ. पेन्सिलनेही एवढंच काढा. एचबी, हलक्या हाताने. मलबार हिलची बाह्यरेषा काढूच नका, फक्त कुठे संपते ती खूण करा. रेघ असली की हात तिच्यापर्यंत रंग भरत जातो.

हेच छोटं चित्र फक्त तीन टोनमध्ये बांधा. आकाश-समुद्र फिकट, डोंगर आणि लांबच्या इमारती मध्यम, टेट्रापॉड आणि कट्टा गडद. सुकल्यावर जलरंग ओला असताना दिसतो त्यापेक्षा स्पष्टपणे फिकट होतो, म्हणून प्रत्येक टोन डोळ्यांना जरा जास्त वाटेल इतका लावावा लागतो. ते धाडस पहिल्या थरात झालं नाही की पुढे चार थर द्यावे लागतात, आणि चौथ्या थरापर्यंत ताजेपणा टिकत नाही. या चित्राला तीन थर पुरतात.

एक चित्र, सुरुवातीपासून

कागद ३०० जीएसएमचा, शंभर टक्के कॉटन, मध्यम पोताचा कोल्ड प्रेस; बावीस बाय तीस इंचाच्या पूर्ण शीटचा चतुर्थांश, म्हणजे अकरा बाय पंधरा इंच. लाकडाच्या लगद्याचा कागद सरावाला ठीक आहे, पण तो पाणी वरच्यावर धरतो आणि चटकन सोडतो, त्यामुळे मऊ कडेसाठी मिळणारा वेळ फारच कमी. त्याच्यावर खालचा थरही सहज उचलला जातो. बजेट एकाच ठिकाणी वापरायचं असेल तर ते कागदावर वापरा. रंग विद्यार्थी दर्जाचे असले तरी चित्र होतं.

रंग तीन: अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर. ट्यूबवर अनुक्रमे पीबी २९, पीबीआर ७ आणि पीवाय ४३ हे पिगमेंटचे क्रमांक छापलेले असतात; ‘ह्यू’ लिहिलेल्या ट्यूबमध्ये बहुधा दुसरंच मिश्रण असतं, म्हणून नावापेक्षा क्रमांक बघा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून पावसाळी राखाडी रंग होतो. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि आकाशाला आपोआप दाणेदार पोत येतो. मात्र हेच कण पुन्हा पाणी लागलं की सहज उठतात. म्हणून त्याच्यावर दुसरा थर देताना हात हलका हवा.

ब्रश: दीड-दोन इंचाचा मऊ सपाट ब्रश पाण्यासाठी, बारा नंबरचा गोल, आठ नंबरचा गोल. दोन भांडी पाणी, एक धुण्यासाठी आणि एक फक्त स्वच्छ पाण्यासाठी. जुना सुती पंचा हाताशी हवाच. टिश्यू चालतो, पण ब्रशमधलं पाणी मापात काढायला कापड बरं.

कागद चारी बाजूंनी बोर्डवर चिकटवा आणि बोर्डच्या मागच्या कडेखाली दोनेक सेंटिमीटरचा ठोकळा ठेवून हलका उतार द्या. पाणी मारण्याआधी रंग कालवून ठेवा. या आकाराला आकाशाचा राखाडी रंग तीनचार चमचे लागतो. अर्ध्यात संपला तर पुन्हा कालवेपर्यंत कागद पुढच्या अवस्थेत गेलेला असतो. पहिल्या थराचा रंग बिनदुधाच्या चहाइतका पातळ, डोंगराचा दुधाइतका, टेट्रापॉडचा सायीइतका दाट.

आता सपाट ब्रशने कट्ट्याच्या रेघेपर्यंत स्वच्छ पाणी मारा. दोनतीन मिनिटं थांबून पुन्हा एकदा. पहिलं पाणी कागद पितो, दुसरं वर सारखं राहतं. एकदाच पाणी मारलं की कागद ठिपक्याठिपक्यांनी सुकतो. लखलखाट मंदावला की क्षितिजालगत ऑकरचा अगदी फिकट पट्टा द्या, वरून राखाडी रंग आडवा खाली आणत त्यात मिसळू द्या, आणि तोच राखाडी रंग समुद्रावर थोडा निळा करून उतरवा. सहासात आडवे हात पुरेत. खाली, वॉश संपतो तिथे, आणि टेपपाशी पाणी साचेल. ब्रश धुवा, पंच्यावर टेकवून पाणी काढा आणि त्याचं टोक फुगवट्याला लावा. ब्रश पाणी ओढून घेईल. हे दोनतीनदा करावं लागतं, आणि कोपरे विसरायचे नाहीत.

इथे ऋतू बघून दोन वाटा होतात. पावसाळ्यात मंद चकाकीची अवस्था दहा मिनिटंही टिकते, म्हणून मलबार हिल याच ओल्या वॉशमध्ये टाकून मोकळं व्हा. पट्टीवर ठिपका तपासा, बारा नंबरचा ब्रश दुधाइतक्या रंगात भरा आणि मग पंच्यावर एकदा टेकवा. हे टेकवणं टाळलं की सगळं मुसळ केरात. ब्रशमधलं पाणी कागदातल्या पाण्यापेक्षा कमी झालं, म्हणजे रंग कागदातल्या पाण्यात मऊपणे पसरेल, पाण्याला ढकलणार नाही. डोंगर डावीकडून एका हातात टाका, जरा ठेंगणाच, कारण तो वर पसरणार आहे. खाली जिथे समुद्राला लागतो तिथे ब्रश उचलून घ्या आणि रंग आपोआप विरू द्या.

एप्रिल-मे महिन्यांत, किंवा एसी लावून काम करत असाल, तर ही अवस्था दोनतीन मिनिटांत निघून जाते आणि घाईत हात चुकतो. तेव्हा पहिला थर पुरता सुकू द्या. मग डोंगराची जागा पुन्हा ओली करा, पण फक्त डोंगराची नाही. त्याच्या वर आणि बाजूला निदान तीनचार सेंटिमीटर जास्त, आणि तिथे पाण्याची कड ओल्या ब्रशने कागदात विरवून टाका. पाण्याची हद्द डोंगराच्या जवळ ठेवली तर रंग पसरत तिथवर पोचतो आणि नेमक्या त्या हद्दीवर रेघ उमटते. मऊ कडेसाठी केलेला खटाटोप कडक कड देऊन जातो. पुन्हा ओलं करताना सर्वांत मऊ ब्रश घ्या आणि त्याचं फक्त पोट कागदावर टेकवत न्या. घासलं की अल्ट्रामरीन उठलं. पाणी मुरू द्या, मंद चकाकी आली की डोंगर टाका.

उजवीकडच्या इमारती सगळं सुकल्यावर. इथे प्रत्येक आकाराची एक कड कडक आणि दुसरी हरवलेली हवी. छपराची रेघ कोरड्या कागदावर स्वच्छ काढा, रंग खाली आणा आणि ओला असतानाच आठ नंबरचा धुतलेला, पंच्यावर टेकवलेला ब्रश रंगाच्या कडेच्या बाहेर, साधारण अर्धा सेंटिमीटर अंतरावर लावा. तिथून ओल्या पट्ट्याने कडेपर्यंत या आणि फक्त स्पर्श करा. रंग बाहेरच्या ओलाव्यात उतरेल. ब्रश रंगाच्या आत नेलात तर पाणी आत शिरेल आणि तिथे फ्लॉवर फुटेल. चूक बहुतेकांची इथेच होते, कारण कड ‘पुसायला’ हात स्वाभाविकपणे आतून बाहेर जातो. लांब जाणाऱ्या इमारतींना रंग थोडा फिकट आणि निळसर करत न्या, आणि शेवटच्या चारपाच इमारती वेगळ्या काढूच नका. एका पट्ट्यात एकमेकींत मिसळू द्या.

टेट्रापॉड आणि कागदाचा पोत

शेवटचा थर टेट्रापॉडचा, आणि त्यात कागदाचा पोत दिसायला हवा. काँक्रीटचा खडबडीतपणा ठिपके काढून दाखवायचा नसतो, तो कागदाच्या खळग्यांकडून काढून घ्यायचा असतो. सायीइतका दाट रंग बारा नंबरच्या ब्रशवर घ्या, पंच्यावर टेकवा आणि ब्रश जवळजवळ आडवा झोपवून बाजूने झपकन ओढा. रंग उंचवट्यांवर लागतो, खळगे पांढरे राहतात. सावकाश ओढला तर रंग खळग्यांत उतरतो आणि सपाट पट्टा होतो. हॉट प्रेस कागदावर खळगेच नसतात, तिथे हे होणारच नाही. रफ कागदावर पोत जास्त ठळक येतो, पण इतक्या लहान आकारात डोंगरही खडबडीत दिसू लागतो, म्हणून या चित्राला कोल्ड प्रेस.

पावसाळ्यात हा पोत अनेकांना येतच नाही आणि दोष ब्रशला जातो. खरं कारण असं की हवेतला ओलावा कागद धरून ठेवतो, त्यामुळे ‘कोरड्या’ कागदावरही रंग पसरत राहतो आणि खळगे भरतात. या एका थरापुरतं ड्रायरने कागद नीट सुकवा, निवू द्या, लगेच काम करा आणि रंग नेहमीपेक्षा दाट घ्या. कट्टा आणि टेट्रापॉडच्या सावल्या नंतर आठ नंबरने, कडक कडेने, पोतावर पांढरं राहिलेलं सगळं न झाकता.

समुद्रावर उजेडाची चमक हवी असेल तर तीही याच पद्धतीने. पहिला थर सुकल्यावर आडवा ड्राय ब्रश फिरवा, म्हणजे खालचा फिकट थर खळग्यांतून चमकत राहील. पांढरा रंग वरून ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं दिसतं.

सगळं नीट करूनही डाग पडत असतील

मग कागद तपासा. जलरंगाच्या कागदाला जिलेटिनचं किंवा तशाच द्रव्याचं सायझिंग दिलेलं असतं. त्यामुळेच पाणी काही काळ वर थांबतं आणि आपल्याला कडा हाताळायला वेळ मिळतो. दमट कपाटात, बाहेरच्या भिंतीला लागून, दोनतीन पावसाळे काढलेल्या कागदाचं सायझिंग मरतं. खुणा ठरलेल्या आहेत: वॉश टाकताच जागोजागी गडद ठिपके उमटतात, रंग सुकल्यावर निस्तेज दिसतो, टेप काढताना कागदाचा पापुद्रा निघतो. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाका. चांगल्या कागदावर तो फुगून काही वेळ थांबतो. मेलेल्या कागदावर लगेच शोषला जातो आणि गडद ओला ठिपका दिसतो. एकाच शीटच्या चार जागी थेंब टाका, कारण सायझिंग ठिकठिकाणी मरतं.

असा कागद वाचवता येतो, अर्धवट. दोन ग्रॅम साधं बिनचवीचं जिलेटिन शंभर मिलिलिटर थंड पाण्यात फुलू द्या, मग पाणी उकळू न देता विरघळेपर्यंत गरम करा आणि कोमट असताना मऊ ब्रशने कागदावर एकसारखा पातळ थर द्या. पुरता सुकल्यावर पुन्हा थेंबाची चाचणी घ्या. जिलेटिन प्राणिजन्य असतं, शाकाहारी घरात स्वयंपाकाच्या भांड्यात करायला जाल तर आधी विचारून घ्या. बुरशीचे ठिपके आधीच पडले असतील तर ते यानेही जात नाहीत. तो कागद सरावाला टाका. नवीन कागद झिपच्या जाड पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह, आडवा, भिंतीपासून लांब ठेवा, आणि एका वेळी वर्षभर पुरेल त्याहून जास्त घेऊ नका. फोर्टात सवलत दिसली म्हणून पूर्ण शीटचा गठ्ठा उचलून आणायचा मोह आवरा.

झालेल्या चित्रातली कडक रेघ काही अंशी मऊ करता येते. पुरतं सुकल्यावर जरा ताठ केसांचा, नुसता ओलसर ब्रश रेघेवर आडवा, हलक्या हाताने दोनतीनदा फिरवा आणि लगेच स्वच्छ टिश्यू दाबून उचला, पुसू नका. अल्ट्रामरीन आणि ऑकर बऱ्यापैकी निघतात. थॅलो निळा वापरला असेल तर तो कागदाला धरून बसतो, फारसा हलत नाही. फ्लॉवर मात्र खोडायला जाऊ नका. खोडलेली जागा खरवडलेली राहते आणि पुढच्या वॉशमध्ये उलट गडद दिसते. डाग आकाशात असेल तर सुकल्यावर आजूबाजूची मोठी जागा पुन्हा ओली करून त्यावरून ढगाचा एक मऊ पट्टा न्या. डोंगरावर असेल तर तिथे झाडीचा दुसरा, थोडा गडद टोन बसवा. टेट्रापॉडवर असेल तर राहू द्या, काँक्रीटवर तो खपून जातो.